लॅपटॉपचा पंखा घरघरतो किंवा सुरू होतानाच ‘फॅन एरर’ येतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

### लॅपटॉप सुरू करताना पंख्याविषयी संदेश येतो. नेमके काय बिघडलेले असते?

लॅपटॉपच्या पंख्याला बहुधा चार तारा असतात. दोन तारांतून त्याला 5 व्होल्टचा वीजपुरवठा होतो, तिसरीतून ‘किती वेगाने फिर’ हा आदेश जातो आणि चौथीतून ‘मी किती वेगाने फिरत आहे’ हे उत्तर मदरबोर्डकडे परत येते. पंख्याच्या आतला एक छोटा संवेदक प्रत्येक फेरीला ठोके देतो, बहुतेक पंख्यांत फेरीमागे दोन. मदरबोर्ड ते ठोके मोजून वेग ठरवतो. लॅपटॉप सुरू होताना, विंडोज किंवा लिनक्स चालू होण्याच्याही आधी, बायोस हा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम पंख्याला क्षणभर फिरवून पाहतो. ठोके आलेच नाहीत किंवा अपेक्षेपेक्षा फारच कमी आले, तर संदेश पडद्यावर येतो.

म्हणून या संदेशाचा अर्थ ‘लॅपटॉप तापला आहे’ असा नसतो. रात्रभर बंद असलेल्या, अगदी थंडगार लॅपटॉपवरही तो येतो, आणि नेमके याच कारणाने अनेक जण त्याला खोटा इशारा समजतात. ठोके न येण्याची कारणे तीन प्रकारची असतात: पाती कशात तरी अडकली आहेत, पात्यांचा दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग इतके झिजले किंवा सुकले आहे की पंखा जागचा हलत नाही, किंवा तार, कनेक्टर अथवा मदरबोर्डवरचा भाग बिघडल्यामुळे पंख्यापर्यंत वीज किंवा मदरबोर्डपर्यंत उत्तर पोहोचत नाही. पुढची सारी तपासणी या तिघांपैकी कोणते कारण आहे हे ठरवण्यासाठीच करायची असते.

संदेशाचे शब्द कंपनीनुसार बदलतात. लेनोवोच्या थिंकपॅडवर काळ्या पडद्यावर नुसते `Fan error` एवढेच दोन शब्द येतात आणि काही सेकंदांत यंत्र बंद होते. एचपीच्या लॅपटॉपांवर `The system has detected that a cooling fan is not operating correctly` असा लांबलचक मजकूर येतो, त्याखाली `System Fan (90B)` असा क्रमांक असतो आणि 15 सेकंदांत यंत्र बंद होईल असे सांगितलेले असते. डेलच्या तपासणीत पंखा दाद देत नसेल तर `2000-0511` हा क्रमांक दिसतो. संदेश बहुधा क्षणभरच दिसत असल्यामुळे मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. दुरुस्तीच्या दुकानात ‘काहीतरी इंग्रजीत आले होते’ असे सांगण्यापेक्षा तो फोटो पुष्कळ उपयोगी पडतो.

### एंटर दाबले की लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो. मग तसेच वापरत राहिले तर चालेल का?

चालणार नाही. एचपीच्या संदेशात एंटर दाबून पुढे जाण्याची सोय असते आणि काही जुन्या थिंकपॅडांवर संदेश दिसताना एस्केप दाबल्यास यंत्र सुरू होते. ही सोय महत्त्वाच्या फायली काढून घेता याव्यात म्हणून आहे, रोज सकाळी दाबायचे बटण म्हणून नव्हे.

गोंधळ होतो तो यामुळे की बेअरिंग सुकत आलेला पंखा कधी फिरतो, कधी फिरत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी बेअरिंगमधले घट्ट झालेले वंगण पंख्याला जागचे हलू देत नाही. दुपारी किंवा दुसऱ्यांदा सुरू केल्यावर तोच पंखा निमूट फिरू लागतो. मग ‘आपोआप बरे झाले’ असे वाटते. प्रत्यक्षात हा पंखा झिजण्याच्या शेवटच्या टप्प्यात असतो आणि संदेश येण्यातले अंतर दर आठवड्याला कमी होत जाते.

### पंखा बंद पडला तर प्रोसेसर जळून जातो का?

सहसा नाही. आजचे प्रोसेसर स्वतःला जपतात. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा 95 ते 105 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, आणि तरीही तापमान वाढतच राहिले तर यंत्र काही न विचारता बंद पडते.

खरी झळ लागते ती प्रोसेसरच्या शेजाऱ्यांना, कारण स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवण्याची सोय त्यांच्यापैकी सगळ्यांकडे नसते. प्रोसेसरला वीज पुरवणारे छोटे घटक, त्यांच्या भोवतीचे कपॅसिटर, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीजवळून जाणाऱ्या वायरी आणि सर्वांत जास्त म्हणजे बॅटरी, हे सारे एकाच बंद डब्यात राहतात. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि लॅपटॉप सतत चार्जरला लावून तापत ठेवला तर ती फुगण्याची शक्यता वाढते. एसएसडीही तापली की आधी मंदावते. शिवाय यंत्र तापून अचानक बंद पडते तेव्हा अर्धवट लिहिली जात असलेली फाइल बिघडू शकते. म्हणजे पंख्याचे नुकसान पंख्यापुरते राहते ते फक्त पहिले काही दिवस.

### घरघर पंख्याचीच आहे हे कसे ओळखावे?

आवाजाचा वेग आणि काळ पाहावा. बेअरिंगचा आवाज पंख्याच्या वेगाबरोबर चढतो आणि उतरतो: व्हिडिओ कॉल सुरू झाला की वाढतो, काम थांबल्यावर मिनिटभराने हळूहळू खाली येतो. तो खरखरीत असतो, जात्यात कोरडे दाणे भरडल्यासारखा. लॅपटॉप एका बाजूला कलता केल्यावर आवाज बदलला, कमी झाला किंवा अचानक थांबला, तर पात्यांचा दांडा बेअरिंगमध्ये सैल झाला आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. मात्र यंत्रात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर हा प्रयोग करू नये, कारण चालू डिस्कला हिसका बसणे बरे नाही.

एकसुरी ‘टिक टिक टिक’ असा आवाज, जो वेगाबरोबर जलद होतो, तो बहुधा पात्याला काहीतरी घासत असल्याचा असतो: सरकलेली वायर, चिकटपट्टीचे सुटलेले टोक, किंवा खालून दाबला गेलेला पत्रा. येथे एक गोष्ट आवर्जून पाहावी. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून तो चारही कोपऱ्यांवर नीट बसतो का, टचपॅड वर आल्यासारखा दिसतो का, खालचे झाकण मधोमध फुगले आहे का, हे तपासावे. फुगलेली बॅटरी झाकण वाकवते आणि ते झाकण पंख्याच्या पेटीला भिडते. असे असेल तर पंख्याचा विचार बाजूला ठेवावा, चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि बॅटरी न टोचता, न दाबता जाणकाराकडून काढून घ्यावी. ही बाब पंख्यापेक्षा अधिक तातडीची आहे.

बारीक, शिट्टीसारखा, स्क्रीनवर पान सरकवताना बदलणारा आवाज विजेच्या कॉइलचा असतो. तो त्रासदायक असला तरी निरुपद्रवी असतो आणि पंखा बदलून जात नाही. फिरत्या हार्ड डिस्कची ‘कट कट’ मात्र निराळी: ती पंख्याच्या वेगाशी बांधलेली नसते, फाइल उघडताना येते, आणि ती ऐकू आली तर सर्वांत आधी बॅकअप घ्यावा.

### लॅपटॉप न उघडता पंख्याची तपासणी कशी करावी?

सोपी कसोटी कागदाची. टिश्यू पेपरची बोटभर रुंदीची पट्टी घेऊन ती गरम हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर धरावी. लॅपटॉप सुरू केल्यावर बहुतेक यंत्रांत पंखा पहिले एक-दोन सेकंद जोरात फिरतो आणि मग शांत होतो, तेव्हा पट्टी बाहेर उडाली पाहिजे. पट्टी जागची हलली नाही म्हणजे पंखा मेलाच असे मात्र नाही, कारण हल्लीचे बरेच लॅपटॉप हलक्या कामात पंखा पूर्ण थांबवून ठेवतात, आणि काही लॅपटॉपांत पंखा मुळातच नसतो. म्हणून दहा मिनिटे व्हिडिओ चालवून पुन्हा पट्टी धरावी. जाळी हाताला चटका देते आहे, आतून पंख्याचा आवाज येतो आहे आणि तरी पट्टी हलत नाही, तर पंखा फिरतो पण हवेची वाट कचऱ्याने बुजली आहे. जाळी कोमट, कीबोर्डचा वरचा भाग मात्र तापलेला आणि आवाज शून्य, तर पंखाच फिरत नाही.

त्यानंतर कंपनीने यंत्रातच दिलेली तपासणी चालवावी. एचपीवर सुरू करताना एफ 2, डेलवर एफ 12 दाबून डायग्नोस्टिक्स, आणि लेनोवोच्या बऱ्याच मॉडेलांवर एफ 10 दाबल्यास ती उघडते. ही तपासणी पंख्याला वेगवेगळ्या वेगाने फिरवून उत्तर तपासते. ती विंडोजच्या बाहेर चालत असल्यामुळे ड्रायव्हर किंवा एखाद्या प्रोग्रॅमचा दोष आपोआप वगळला जातो. वॉरंटी शिल्लक असेल तर तिने दिलेला क्रमांक लिहून घ्यावा, सेवा केंद्र तोच आधी विचारते.

थिंकपॅडवर लिनक्स असेल तर टर्मिनलमधून पंख्याचा वेग थेट वाचता येतो:

```
cat /proc/acpi/ibm/fan
```

येथे `speed:` पुढचा आकडा म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या. यंत्र गरम असताना तो दोन हजारांच्या वर जातो. `level:` पुढे आदेश दिलेला दिसतो आणि `speed:` मात्र शून्य, तर मदरबोर्ड सांगतो आहे पण पंखा ऐकत नाही किंवा त्याचे उत्तर पोहोचत नाही.

### किती तापमानाला काळजी करावी?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे तापमान दिसत नाही. त्यासाठी `HWiNFO` हा मोफत प्रोग्रॅम वापरता येतो. लिनक्सवर `sensors` हा आदेश पुरतो.

एकच आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. 90 अंश हे काही पातळ लॅपटॉपांत जड कामाच्या वेळी नेहमीचेच असते. पाहायचे असते ते दोन गोष्टींचे नाते. रिकाम्या बसलेल्या यंत्राचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा 15 ते 25 अंशांनी जास्त असणे स्वाभाविक आहे. विदर्भात मे महिन्यात खोलीच 38 अंशांवर असेल, तर 60 हा आकडा घाबरण्यासारखा नाही. पुण्यात डिसेंबरमध्ये तोच 60 रिकाम्या यंत्रावर दिसला तर काहीतरी अडले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे काम सुरू झाल्यावर तापमान किती झपाट्याने चढते. वेबसाइट उघडताच पाच सेकंदांत 95 च्या पुढे उडी आणि त्याच वेळी प्रोसेसरचा वेग कोसळणे, ही उष्णता बाहेर पडत नसल्याची खूण आहे.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टम या नोंदींत, `Kernel-Processor-Power` स्रोताखाली क्रमांक 37 च्या नोंदी वारंवार दिसल्या तर फर्मवेअरने, म्हणजे बायोससारख्या यंत्रातल्या मूळ प्रोग्रॅमने, प्रोसेसरचा वेग दाबून धरला होता असे समजावे. कमी ताकदीच्या चार्जरमुळेही ही नोंद येते, म्हणून तिच्या वेळा तापमानाशी ताडून पाहाव्यात.

तपासणीसाठी प्रोसेसरवर मुद्दाम पूर्ण भार टाकणारे प्रोग्रॅम मात्र चालवू नयेत. ज्या पंख्याविषयी शंका आहे, त्याच्या भरवशावर यंत्र तापवण्यात अर्थ नाही.

### एखादे प्रत्यक्ष उदाहरण सांगता येईल का?

माझी मामेबहीण नाशिकला शिक्षिका आहे. तिचा पाच वर्षांचा लॅपटॉप ऑक्टोबरपासून घरघरत होता. वर्ग ऑनलाइन घेताना मुले विचारत, ‘टीचर, मिक्सर चालू आहे का?’ जानेवारीत एका सकाळी पंख्याचा संदेश आला. तिने एंटर दाबले, यंत्र सुरू झाले. दुपारी संदेश आला नाही. पुढचे तीन आठवडे असेच चालले, आणि एका व्हिडिओ कॉलच्या मधेच यंत्र गप्पकन बंद पडले, तेव्हा तिने मला फोन केला.

मी गेलो तेव्हा खोलीत 22 अंश तापमान होते आणि रिकामे यंत्र 62 वर होते. व्हिडिओ कॉल सुरू करताच ते 97 पर्यंत गेले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 37 क्रमांकाच्या नोंदींची रांग होती आणि त्यांच्या वेळा तिच्या तासांच्या वेळांशी जुळत होत्या. कागदाची पट्टी जेमतेम थरथरत होती, पंख्याचा आवाज मात्र मोठा होता. म्हणजे वाट बुजलेली, हे उघड झाले.

खालचे झाकण काढले. पंखा आणि बारीक तांब्याच्या पात्यांची जाळी यांच्या मधल्या फटीत राखाडी रंगाचा, घोंगडीसारखा घट्ट थर जमला होता. तो चिमट्याने अखंड पट्टी निघावी तसा निघाला. बाहेरून ब्लोअर मारून तो कधीच निघाला नसता, उलट आतच अधिक दाबला गेला असता. साफ केल्यावर रिकामे यंत्र 47 वर आणि व्हिडिओ कॉल 84 वर आला. तिला वाटले काम झाले.

पण घरघर तशीच होती. मधल्या बुंध्याला दोन बोटांनी अलगद हलवल्यावर पाती वरखाली डुलत होती आणि एका बाजूला पेटीच्या कडेला लागल्याची चकचकीत रेघ उमटली होती. कचऱ्यामुळे पंख्याला वर्षभर जास्त वेगाने फिरावे लागले आणि त्यात बेअरिंग झिजले, असा तो क्रम होता. मी तिला सांगितले की साफसफाईने ताप गेला, पण दुखणे गेलेले नाही. नवव्या दिवशी संदेश परत आला. नवा पंखा बसवल्यावर आवाज गेला, संदेश गेला आणि व्हिडिओ कॉलचे तापमान 76 वर स्थिरावले.

### स्वतः उघडून साफ करताना कोणती काळजी घ्यावी?

वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नये. उघडायचेच असेल तर आपल्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून आधी उतरवून घ्यावी. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या व्यावसायिक मॉडेलांसाठी ती मिळते आणि कोणता स्क्रू कोठे आहे हे तिच्यात चित्रासह असते. यंत्र पूर्ण बंद करावे, नुसते स्लीपमध्ये ठेवू नये. चार्जर काढावा, आणि झाकण निघाल्यावर इतर कशालाही हात लावण्याआधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. थिंकपॅडच्या बायोसमध्ये अंतर्गत बॅटरी तात्पुरती बंद करण्याचा पर्याय असतो, तो आधी वापरावा. स्क्रू ज्या जागेचे त्या जागी असतील असे कागदावर मांडून ठेवावेत, कारण आखूड जागी लांब स्क्रू घट्ट केला की वरच्या बाजूला कीबोर्डखाली फुगवटा येतो.

हवेचा फवारा मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत. मोकळा सोडलेला पंखा हवेच्या झोताने त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो, त्याचा आवाज ऐकायला मजेदार वाटतो, पण उरलेसुरले बेअरिंग त्यातच संपते. शिवाय फिरणारा पंखा जनित्रासारखी उलटी वीजही तयार करतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नये, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साचते. मऊ ब्रश आणि चिमटा एवढ्यावर बहुतेक काम होते.

काही मॉडेलांत पंखा हीटसिंकपासून, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागापासून, वेगळा निघतो. काहींत दोन्ही एकच तुकडा असतात. दुसऱ्या प्रकारात प्रोसेसरवरून हीटसिंक उचलावा लागतो आणि एकदा उचलला की दोघांमधली उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय तो परत बसवता येत नाही. जुन्या पेस्टवर तसाच दाबून बसवलेला हीटसिंक हे ‘पंखा बदलला तरी तापते’ या तक्रारीचे एक मोठे कारण आहे. त्यावरचे स्क्रू 1, 2, 3, 4 अशा छापलेल्या क्रमानेच, थोडे थोडे करून आवळावेत.

### पंख्याच्या बेअरिंगमध्ये तेल सोडले तर चालते का?

काही दिवसांपुरते चालते. ज्या पंख्याच्या मागच्या स्टिकरखाली रबरी बूच असते, त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडल्यास आवाज उतरतो. परंतु झिजलेले धातू तेलाने भरून येत नाही, आणि नवा पंखा येईपर्यंतची सोय यापलीकडे त्याकडे पाहू नये. अनेक पंख्यांची पेटी तर उघडतच नाही.

दोन गोष्टी मात्र कधीच घालू नयेत. गंजलेले बिजागर सोडवण्यासाठी मिळणारा फवारा हा मुख्यतः पातळ द्रावक असतो. तो असलेले वंगण धुऊन नेतो आणि आठवडाभरात आवाज आधीपेक्षा वाढतो. आणि दुसरे म्हणजे खोबरेल. हसू नका, मी ते घातलेले पंखे पाहिले आहेत. खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपास थिजते, तेव्हा थंडीतल्या सकाळी पंखा अडकून तोच संदेश पुन्हा आणण्याची ती हमखास युक्ती आहे.

### नवा पंखा घेताना काय पाहावे?

मॉडेलचे नाव सांगून पंखा मागवू नये. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या प्रकाराचा पंखा निराळा असतो, आणि दोन पंखे असलेल्या यंत्रांत डावा व उजवा हे परस्परांचे आरसे असतात. जुना पंखा बाहेर काढून त्याच्या स्टिकरवरचा भाग-क्रमांक, व्होल्ट आणि अँपिअर हे आकडे, तसेच तारांची संख्या आणि कनेक्टरचा आकार जुळवून घ्यावा. चार तारांच्या जागी तीन तारांचा पंखा बसवल्यास तो फिरेल, पण वेगाचे नियंत्रण किंवा उत्तर यांपैकी एक तुटेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात जुना पंखा सोबत नेऊन समोरासमोर जुळवता येतो, हा ऑनलाइन खरेदीपेक्षा मोठा फायदा आहे. दुसऱ्या यंत्रातून काढलेला पंखा स्वस्त असतो, पण त्याचे बेअरिंगही तितकेच वापरलेले असते, त्यामुळे मी तो सुचवत नाही.

### पंखा नवा बसवला, तरीही संदेश येतो. का?

आधी कनेक्टर पाहावा. तो नखाएवढा असतो, थोडा तिरका बसला तरी बसल्यासारखा दिसतो, आणि काढताना तारांना धरून ओढला असेल तर एखादी पिन वाकलेली असते. त्यानंतर पंखा प्रत्यक्ष फिरतो का हे झाकण उघडे ठेवून, हात दूर ठेवून पाहावे. फिरत असून संदेश येत असेल तर वेगाची तार, चुकीचा पंखा किंवा मदरबोर्ड यांपैकी एक दोषी आहे. मुळीच फिरत नसेल आणि पंखा चांगला असल्याची खात्री असेल, तर कनेक्टरवर 5 व्होल्ट येतात का हे मल्टिमीटरने मोजावे लागते. ते येत नसतील तर पंख्याच्या वाटेवरचा छोटा फ्यूज किंवा ती वीज चालू-बंद करणारा घटक गेलेला असू शकतो. येथून पुढे चिप-पातळीवर काम करणाऱ्या कारागिराचे क्षेत्र सुरू होते. कोकणपट्टी आणि गोव्यातल्या यंत्रांत या कनेक्टरवर खाऱ्या दमट हवेने हिरवट गंज चढलेला पुष्कळदा आढळतो, तेव्हा नवा पंखा मागवण्याआधी तो तेवढा भिंगाखाली पाहून घ्यावा.

### पंखा येईपर्यंत फायली कशा काढाव्यात?

फायली कॉपी करणे हे प्रोसेसरसाठी हलके काम आहे. यंत्र थंड असताना सुरू करावे, खालून हवा जाईल असे चार कोपऱ्यांवर उचलून ठेवावे, चार्जर लावलेला असेल तर बॅटरीही तापते म्हणून शक्यतो बॅटरीवरच चालवावे, टेबल फॅनचा झोत द्यावा आणि फक्त आवश्यक ते फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावे. त्याआधी प्रोसेसरची कमाल पातळी खाली आणल्यास उष्णता बरीच कमी होते. प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील ओळी द्याव्यात:

```
powercfg /setdcvalueindex SCHEME_CURRENT SUB_PROCESSOR PROCTHROTTLEMAX 50
powercfg /setactive SCHEME_CURRENT
```

पहिली ओळ बॅटरीवर चालतानाची मर्यादा बदलते आणि दुसरी ती लागू करते. चार्जरवर चालवायचे असेल तर `setdcvalueindex` ऐवजी `setacvalueindex` लिहावे, आणि पंखा बदलल्यावर 50 च्या जागी 100 घालून मूळ स्थिती परत आणण्यास विसरू नये. तापमान 90 च्या पुढे गेले तर थांबावे, यंत्र बंद करून अर्धा तास गार होऊ द्यावे आणि उरलेले नंतर घ्यावे.

एसएसडी वेगळी काढता येत असेल तर ती यूएसबी जोडणीच्या पेटीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडणे हा अधिक निर्धोक मार्ग आहे. मात्र ड्राइव्हला कुलूप लावणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असेल, आणि नव्या यंत्रांत ते बऱ्याचदा मालकाच्या नकळत चालू असते, तर 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का हे लॅपटॉप अजून सुरू होत असतानाच पाहून कागदावर उतरवून ठेवावे.

### दुरुस्तीला दिल्यास काम नीट झाले हे कसे पडताळावे?

देण्यापूर्वी रिकाम्या यंत्राचे आणि एका ठरावीक व्हिडिओच्या दहाव्या मिनिटाचे तापमान लिहून ठेवावे, आणि परत घेताना दुकानातच तोच व्हिडिओ तितकाच वेळ चालवून तुलना करावी. कागदाची पट्टीही तेथेच धरून पाहता येते. हीटसिंक उचलला होता का आणि पेस्ट नवी लावली का, हे स्पष्ट विचारावे. जुना पंखा परत मागावा. तो हातात घेऊन पात्यांना हलकेच फिरवले की खरोखर झिजला होता की नुसता धुळीने भरला होता हे कळते: चांगला पंखा बोटाच्या एका टिचकीने तीन-चार फेऱ्या घेऊन सावकाश थांबतो, झिजलेला अर्ध्या फेरीतच खरखरून अडतो.